साडेचार तास उभी असलेली ऑर्डर मागे कशी पडली

मी एका दलाली संस्थेत सौद्यांबद्दलच्या तक्रारी तपासतो. बहुतेक तक्रारी भावाच्या असतात: "मला जास्त भावात का दिलं?" ही तक्रार मात्र रांगेची होती, म्हणून जपून ठेवली. ग्राहकाची ओळख पुसली आहे, शेअरचं नाव सांगत नाही आणि आकडे थोडे बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र लॉगमध्ये होता तसाच आहे.

पार्श्वभूमी

आमच्या एक ग्राहक स्वतःच्या टर्मिनलवरून व्यवहार करतात. त्यांच्याकडे एका मध्यम उलाढालीच्या कंपनीचे ६,००० शेअर्स होते. त्यातले ४,००० त्यांना ४१२.५० ला विकायचे होते. घाई नव्हती. सकाळी १०:०४:१२ ला त्यांनी ४१२.५० ची लिमिट ऑर्डर टाकली, म्हणजे त्याहून कमी भावात विकायचं नाही. त्या क्षणी ऑर्डर बुकाच्या वरच्या तीन ओळी अशा होत्या:

| खरेदीची संख्या | खरेदीचा भाव | विक्रीचा भाव | विक्रीची संख्या |
|---|---|---|---|
| ९०० | ४१२.१० | ४१२.३० | ७०० |
| १,६०० | ४१२.०५ | ४१२.४० | १,२०० |
| ३,५०० | ४१२.०० | ४१२.५० | २,५०० |

सगळ्यात चढी खरेदी ४१२.१० ची आणि सगळ्यात स्वस्त विक्री ४१२.३० ची. मधे फट आहे, म्हणून सौदा होत नाही. बुक म्हणजे न जुळलेल्या ऑर्डरींचा ढीग. जुळण्यासारखी ऑर्डर आत आली तर ती लगेच जुळते, बुकात थांबतच नाही. बाईंची ऑर्डर जुळण्यासारखी नव्हती, त्यामुळे ती ४१२.५० च्या ओळीत आधीच्या २,५०० च्या मागे जाऊन उभी राहिली. स्क्रीनवर त्या ओळीची बेरीज ६,५०० झाली.

हा "मागे" स्क्रीनवर कुठेच दिसत नाही. सामान्य टर्मिनलवर भावाला एकच बेरीज असते. त्यात आपली ऑर्डर कितवी आहे, हे कळत नाही. एक्स्चेंजच्या ऑर्डरी जुळवणाऱ्या मॅचिंग इंजिनकडे मात्र प्रत्येक भावाची स्वतंत्र रांग असते आणि ती वेळेच्या क्रमाने लावलेली असते.

तक्रार

दुपारी तीनच्या सुमारास त्यांचा फोन आला. आवाज शांत होता, आणि अशा शांत आवाजाची मला जास्त धास्ती वाटते.

"४१२.५० ला आत्ता सहा हजार नऊशे शेअर्सचे सौदे झालेत. मी स्वतः मोजलेत. माझी ऑर्डर सकाळी दहापासून उभी आहे. माझे फक्त पाचशे गेले. मग बाकीचे कोणाचे?"

"मॅडम, लॉग बघून सांगतो."

"आणि अजून एक. ४१२.४५ ला आठशे गेले. ती ऑर्डर अडीचनंतर आली होती, मी पाहत होते. तिचा नंबर माझ्याआधी कसा?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. पहिल्या प्रश्नाला दोन तास लागले.

आधी भाव, मग वेळ

दुसरा प्रश्न आधी घेतो. इंजिन आधी भाव बघतं. विकणाऱ्यांत जो स्वस्त, तो पुढे. वेळेचा प्रश्न फक्त एकाच भावाला उभ्या असलेल्यांमध्ये येतो. त्या शेअरचा भाव पाच पैशांच्या पायऱ्यांनी हलत होता, म्हणजे ४१२.४५ ही ४१२.५० च्या अगदी शेजारची पायरी. दुपारी २:३६ ला आलेल्या कोणीतरी एक पायरी खाली उतरून सकाळपासून उभ्या असलेल्या सगळ्यांना मागे टाकलं. त्या माणसाने पाच पैसे सोडले आणि त्या बदल्यात रांग टाळली. यात कोणाची लबाडी नाही.

लगेच ३,००० ची खरेदी आली, लिमिट ४१२.६०. तिने आधी ४१२.४५ चे ८०० उचलले आणि मग ४१२.५० चे २,२००. खरेदीदार ४१२.६० द्यायला तयार होता, तरी त्याला ४१२.६० पडले नाहीत. सौद्याचा भाव बुकात आधीपासून उभ्या असलेल्या ऑर्डरचा असतो, नव्याने आलेल्या ऑर्डरचा नाही. हे बाईंना पटलं. "ते ठीक. पण पन्नासच्या रांगेत मी कुठे होते?"

तपास

माझा पहिला संशय चुकीचा निघाला, तो सांगतो. त्या ओळीत एक झाकलेली ऑर्डर होती. म्हणजे एकूण संख्या मोठी असते, पण बुकात तिचा एक तुकडाच दाखवला जातो. इथे तुकडा ५०० चा होता. मला वाटलं, हीच ऑर्डर पुन्हा पुन्हा भरत राहिली आणि तिने बाईंच्या वाट्याचे खरेदीदार खाल्ले. पण तसं होत नाही. रांगेतली जागा दाखवलेल्या तुकड्याचीच असते. तो संपला की झाकलेल्यातून पुढचा तुकडा बाहेर येतो, त्याला नवी वेळ मिळते आणि तो रांगेच्या शेवटी उभा राहतो. लॉगमध्येही तेच दिसलं: पहिला तुकडा विकला गेला आणि दुसरा बाईंच्या मागे लागला.

मग एक्स्चेंजकडून आलेला बाईंच्या ऑर्डरचा इतिहास उघडला. ऑर्डर क्रमांक एकच होता, पण वेळेचे रकाने दोन होते. दाखल: १०:०४:१२. शेवटची दुरुस्ती: ११:२२:४७.

मी फोन लावला. "मॅडम, अकरा-बावीसला ऑर्डरीत काही बदललं होतं का?"

"हो, चारचे पाच हजार केले. भावाला हात लावला नाही."

तिथेच गाठ सुटली.

११:२२ ला काय झालं

लॉगवरून रांग पुन्हा मांडली. सकाळी बाईंच्या पुढे असलेल्या २,५०० पैकी १,००० शेअर्स लोकांनी परत घेतले होते, म्हणून पुढे १,५०० उरले. दरम्यान मागे ५,२०० येऊन उभे राहिले होते. दुरुस्तीच्या आधी रांग अशी होती: १,५००, मग बाईंचे ४,०००, मग ५,२००.

बाईंनी त्याच ऑर्डरवर "बदल" दाबून संख्या ५,००० केली. भाव तोच राहिला, ऑर्डर क्रमांक तोच राहिला आणि आमच्या स्क्रीनवर वेळही १०:०४ च दिसत राहिली. इंजिनने मात्र पूर्ण ऑर्डर उचलून रांगेच्या टोकाला ठेवली. आता त्यांच्या पुढे ६,७०० होते. दुपारपर्यंत त्यातले ३०० परत घेतले गेले आणि ६,४०० उरले.

दुपारी ४१२.५० ला आलेली खरेदी तीन ऑर्डरींची होती: २,२००, मग ३,१००, मग १,६००. बेरीज ६,९००, बाईंनी मोजली होती तीच. पहिल्या दोन ऑर्डरी मिळून ५,३०० झाल्या आणि सगळ्या पुढच्यांनाच गेल्या. तिसरीतले १,१०० पुढच्यांचे उरलेले होते. मग बाईंचे ५००. त्यानंतर त्या भावाला खरेदीदार आलाच नाही.

दुरुस्ती केली नसती तर? त्याच तीन ऑर्डरी जुन्या रांगेवर चालवून पाहिल्या. पहिल्या २,२०० पैकी १,५०० पुढच्यांना आणि ७०० बाईंना. दुसऱ्या ३,१०० पूर्ण बाईंना. तिसरीतले २०० बाईंना. चार हजारांची ऑर्डर पूर्ण, आणि वर १,४०० मागच्यांना. म्हणजे हजार शेअर्स वाढवण्याच्या नादात साडेतीन हजारांचा सौदा हुकला.

बाईंनी यावर विचारलेला प्रश्न मला आवडला. "वाढवले हजार. मग ते हजार मागे पाठवायचे, माझे जुने चार हजार का हलवले?"

कारण इंजिनच्या दृष्टीने एका ऑर्डरला एकच वेळ असते, ती दोन तुकड्यांत वाटता येत नाही. आणि वाढीवर जुनी जागा टिकली असती, तर प्रत्येकाने पहाटेच एक शेअरची ऑर्डर लावून जागा धरली असती आणि खरेदीदार दिसताच तिचे पन्नास हजार केले असते. मागे प्रामाणिकपणे उभ्या असलेल्यांना वेळेचा काही उपयोग उरला नसता. संख्या कमी केली तर मागच्यांचं काहीच बिघडत नाही, उलट ते पुढे सरकतात. म्हणून बहुतेक बाजारांत घट केल्यास जागा राहते, वाढ केल्यास किंवा भाव बदलल्यास जाते.

"बहुतेक" म्हटलं, कारण सगळीकडे वेळेचीच रांग नसते. शिकागोच्या बाजारातल्या काही व्याजदर वायद्यांत एका भावाला उभ्या असलेल्यांमध्ये सौदा त्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाटला गेला आहे. तिथे संख्या वाढवणाऱ्याचा वाटा उलट वाढतो. शेअर्सच्या बाजारात सवयीने भाव-वेळेचाच नियम गृहीत धरला जातो आणि इथे तो लागूही होता.

पर्याय काय होते

सौदे झाल्यानंतर २:५० ला बाईंनी आमच्या डीलरला फोन केला होता. तक्रारीच्या आधीचा हा फोन मला रेकॉर्डिंगमध्ये सापडला, आणि खरा निर्णयाचा क्षण हाच होता. त्या वेळी त्यांचे ४,५०० शिल्लक होते. खरेदीच्या बाजूला ४११.८० ला ६००, ४११.७० ला १,४००, ४११.५० ला २,००० आणि ४११.२० ला ३,००० होते.

पहिला पर्याय, आहे तिथेच थांबणं. पुढचे सगळे विकून गेले होते, त्यामुळे ४१२.५० च्या रांगेत आता त्याच पहिल्या होत्या.

दुसरा, मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला विकणं. ती बुकाच्या पायऱ्या उतरत जाते: ४११.८० ला ६००, ४११.७० ला १,४००, ४११.५० ला २,००० आणि ४११.२० ला उरलेले ५००. सरासरी ४११.५७ पडते. ४१२.५० च्या तुलनेत सगळे मिळून ४,१९० रुपये कमी. सुटका पूर्ण, पण मधल्या काही सेकंदांत कोणी खरेदी काढून घेतली तर भाव आणखी खाली जाण्याचा धोका.

तिसरा, ४११.५० ची लिमिट लावणं. तिने वरच्या तीन पायऱ्यांवरचे ४,००० तिथल्या-तिथल्या भावाने लगेच विकले असते. म्हणजे ४११.८० वाल्याकडून ४११.८० च मिळाले असते, ४११.५० नव्हे. उरलेले ५०० ४११.५० ला सगळ्यात स्वस्त विक्री म्हणून पुढे उभे राहिले असते. खाली किती घसरायचं याला तळ राहिला असता.

चौथा, ४१२.०५ ला उतरणं. जागा जाते, पण तो भाव त्या क्षणी सगळ्यात स्वस्त विक्रीचा झाला असता, म्हणजे नव्या रांगेतही पहिलाच नंबर. लगेच सौदा नाही, पण पुढचा खरेदीदार आधी इथेच आला असता.

मला विचाराल तर तिसरा. मात्र त्या वेळी मी फोनवर नव्हतो, आणि निकाल माहीत असताना निवड करणं सोपं असतं.

काय केलं गेलं

डीलर म्हणाला, "आता तुम्हीच पहिल्या आहात, मॅडम. भाव बदललात तर जागा जाईल." दोन्ही वाक्यं खरी होती. पण पहिला नंबर त्या भावाच्या रांगेत होता, आणि त्या भावाला घेणारा कोणी उरला नव्हता. दुपारी जागेला नको तितकी किंमत आली. बाईंना अजून सकाळचं काही कळलेलं नव्हतं, पण "जागा" हा शब्द त्यांनी धरून ठेवला. त्या थांबल्या.

वेळेचा हक्क एकाच भावाला उभ्या असलेल्यांत चालतो. खरेदीदार ४११.८० ला असताना ४१२.५० च्या रांगेतला पहिला आणि शेवटचा दोघंही रिकाम्या हातानेच बसतात.

त्यांची ऑर्डर एका दिवसाची होती. बाजार बंद झाला तशी ती रद्द झाली आणि तिच्याबरोबर ती पहिली जागाही गेली. दुसऱ्या दिवशी भाव खालीच उघडला. त्यांनी सकाळी सगळे ४,५०० सरासरी ४०८.२० ला विकले.

तक्रारीवर आम्ही तीन गोष्टी केल्या. रांगेची मांडणी मिनिटागणिक लिहून पाठवली आणि एक्स्चेंजचा इतिहासही जोडला. त्या ऑर्डरीवरची दलाली माफ केली. टर्मिनल बनवणाऱ्यांकडे दोन बदल मागितले: ऑर्डरच्या तपशिलात दाखल वेळेशेजारी रांगेची वेळ वेगळी दाखवायची, आणि संख्या वाढवताना किंवा भाव बदलताना "या बदलाने रांगेतली सध्याची जागा जाईल" असं विचारायचं.

निकाल

एक्स्चेंजच्या बाजूने चूक नव्हती. इंजिनने नियम जसाच्या तसा पाळला होता. नुकसानभरपाईचा दावा आम्ही मान्य केला नाही, आणि बाईंनी तो वरच्या पायरीवर नेलाही नाही. तरी मी अंतर्गत अहवालात लिहिलं की आमच्या स्क्रीनने त्यांची दिशाभूल केली. दुरुस्ती झाल्यावरही दहा-चार दाखवत राहणं म्हणजे नसलेली जागा दाखवणं. वरिष्ठांना "दिशाभूल" हा शब्द खटकला, त्यांनी त्याच्या जागी "अपुरी माहिती" घातलं. मी माझ्या प्रतीत तो तसाच ठेवला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

बाईंना हजार वाढवायचे होते तर जुन्या ऑर्डरीला हात न लावता हजारांची नवी ऑर्डर टाकायची. नवी शेवटी उभी राहिली असती, जुनी जागच्या जागी. त्याच दुपारी ४,००० विकले गेले असते आणि हजारच शिल्लक राहिले असते. एवढ्याशा फरकाने हे प्रकरणच झालं नसतं.

जागेचा अंदाज घरबसल्याही बांधता येतो. ऑर्डर टाकण्याच्या क्षणी त्या भावाला उभी असलेली संख्या लिहून ठेवायची, इथे २,५००. मग त्या भावाला होणारे सौदे त्यातून वजा करत जायचं. उरतं ते आपल्या पुढे जास्तीत जास्त किती असू शकतात ते. कोणी ऑर्डर परत घेतली तर ती पुढच्याची की मागच्याची हे दिसत नाही, पण त्याने आपलं वाईट होत नाही. हा हिशेब ठेवला असता, तर दुपारच्या दुसऱ्या खरेदीनंतरच बाईंच्या लक्षात आलं असतं. पुढे जास्तीत जास्त २,५०० असताना ५,३०० चे सौदे होऊनही आपला एकही शेअर गेला नाही, म्हणजे काहीतरी बिघडलंय. तेव्हा खरेदी अजून चालू होती.

झाकलेली ऑर्डर असेल तर हा हिशेब थोडा फसल्यासारखा वाटतो. पण तिचे नवे तुकडे मागे लागतात, त्यामुळे जागेच्या अंदाजाला धक्का बसत नाही. फक्त स्क्रीनवरची बेरीज अपेक्षेइतकी घटत नाही.

डीलरने "पहिल्या आहात" म्हणण्याआधी सगळ्यात चढी खरेदी कितीची आहे हे सांगायला हवं होतं. आम्ही आता डीलरांना तोच क्रम शिकवतो: आधी समोरचा भाव, मग आपली जागा.

दीडेक महिन्यानंतर बाईंचा पुन्हा फोन आला. दुसऱ्याच शेअरची ऑर्डर उभी होती.

"बाराशेचे नऊशे करायचेत. जागा राहते ना?"

"राहते."

"स्क्रीनवर काही विचारलं नाही मला."

"कमी करताना विचारत नाही, मॅडम. रांगेची वेळ बघा, तीच असेल."

पलीकडून माउसची एक टिकटिक ऐकू आली. "हो, नऊ-एकेचाळीसच आहे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.